मेडिकल नऊ दिवस बंद. शटरवर काय लिहू?

"माझं डोंबिवलीत छोटं मेडिकल आहे. फार्मासिस्ट मीच, हाताखाली एक मुलगा. गणपतीला दरवर्षी कुडाळजवळ आमच्या गावी जातो. गेल्या वर्षी शटरवर 'गणपतीनिमित्त दुकान ८ दिवस बंद राहील, इमर्जन्सीसाठी संपर्क' असं लिहून माझा मोबाईल नंबर दिला होता. पण गावात घरात रेंजच नाही. परतलो तेव्हा सत्तावीस मिस्ड कॉल होते, आणि एका जुन्या गिऱ्हाईक काकूंच्या बीपीच्या गोळ्या चार दिवस बंद पडल्या होत्या. त्यांच्या मुलाने दुकानात येऊन चारचौघांत सुनावलं. यंदा (२०२६) शनिवार १२ सप्टेंबर ते रविवार २० सप्टेंबर बंद ठेवणार आणि सोमवारी सकाळी उघडणार. नोटीस कशी लिहू? नंबर द्यावा की नको? भाचा म्हणतो, 'मामा, चावी ठेवून जा, संध्याकाळी तासभर मी उघडतो.' देऊ का?"
— एक मेडिकलवाला, डोंबिवली

भाच्याचं आधी सांगून टाकतो, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे: नको. चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखालीच द्यायची, हे १९४८ च्या फार्मसी कायद्यात आहे आणि तुमच्या परवान्याच्या अटींतही आहे. तुम्ही कुडाळला आणि शटर डोंबिवलीत अर्धं वर, यात देखरेख कुठे आली? भाचा कितीही हुशार असला तरी ५ मिलिग्रॅमच्या जागी १० ची स्ट्रिप त्याच्या हातून गेली, तर ते निस्तरायला तुम्ही चारशे किलोमीटरवर असाल. चावी त्याच्याकडे ठेवायचीच असेल तर फ्रिज बघायला ठेवा. त्यावर पुढे येतो.

आता नोटीस. मी पंचवीस वर्षं ठाण्यात मेडिकल चालवलं आणि पहिली आठ-दहा वर्षं अगदी तुमच्यासारखीच नोटीस लावत होतो. तीत चूक शब्दांची नव्हती, वेळेची होती. शटरवरचा कागद वाचतो कोण? शटर बंद झाल्यावर आलेला माणूस. त्याच्या हातात रिकामी स्ट्रिप असते, सकाळचा डोस चुकलेला असतो, आणि त्याला आपण 'तसदीबद्दल क्षमस्व' एवढंच सांगतो. मेडिकलची बंदची नोटीस खरं तर दुकान उघडं असताना वाचायची असते. काकूंना 'दुकान कधी बंद' हे कळून फारसा उपयोग नव्हता. 'गोळ्या कोणत्या तारखेपर्यंत पुरायला हव्यात' हे कळायला हवं होतं.

म्हणून तुमच्या नोटिशीत तिसरी एक तारीख हवी. बंद कधीपासून आणि उघडणार कधी, या दोन सगळेच लिहितात. तिसरी म्हणजे औषध पुरायची तारीख. यंदा ती २३ सप्टेंबर धरा. कशी, ते सांगतो.

तुम्ही सोमवारी सकाळी उघडणार म्हणता. चतुर्थी सोमवारी १४ ला, गौरी गुरुवारी १७ ला येतात, शुक्रवारी पूजन आणि शनिवारी १९ ला विसर्जन. म्हणजे गौरी-गणपती एकत्र विसर्जन करणारे सगळे चाकरमानी रविवारी २० ला परतीच्या वाटेवर. त्या दिवशी महामार्गावर बसायची वेळ तुमच्यावर आली असेलच, नसेल तर यंदा येईल. समजा रात्री एकला घरी पोचलात. सोमवारी सकाळी नऊला शटर वर केलं तरी दुकानात काय असणार? जाण्याआधी गिऱ्हाइकांनी दुप्पट माल उचललेला, रॅकला भोकं पडलेली, आणि सकाळी दिलेली ऑर्डर डिस्ट्रिब्युटरकडून यायला दुपार. पहिल्या पाच गिऱ्हाइकांतल्या तिघांना 'संध्याकाळी या' म्हणावं लागतं. मग संध्याकाळच लिहा ना. 'सोमवार २१ सप्टेंबर, संध्याकाळी ५ वाजता उघडेल.' सकाळचा वेळ झाडलोट, फ्रिज आणि माल लावण्यात जाईल. एखादा कंटेनर घाटात आडवा झालाच तर हातात अर्धा दिवस शिल्लक. आणि गिऱ्हाइकाने दोन दिवस जास्तीचे धरावेत म्हणून औषध २३ पर्यंत.

आता गल्ल्यावर हे कसं चालतं ते बघा. समजा काकू बीपीची रोज एक गोळी घेतात आणि पंधराची स्ट्रिप नेतात. १ सप्टेंबरला नेली, २ पासून सुरू केली, तर शेवटची गोळी १६ ला, बुधवारी. तुमचं शटर त्या दिवशी खाली. त्यांना १ तारखेलाच दुसरी स्ट्रिप दिली तर १ ऑक्टोबरपर्यंत प्रश्न मिटला. दुसरे एक काका शुगरची गोळी दिवसातून दोनदा घेतात, दहाच्या दोन स्ट्रिपा नेतात. ५ ला नेल्या, ६ पासून सुरू, म्हणजे १५ ला संपल्या. २३ पर्यंत आणखी आठ दिवस, म्हणजे सोळा गोळ्या, म्हणजे आणखी दोन स्ट्रिपा. हा हिशेब काकांनी करावा अशी अपेक्षा ठेवू नका. बिल करताना तुम्ही किंवा तुमच्या मुलाने एकच प्रश्न विचारायचा: "२३ तारखेपर्यंत पुरतील का?" बहुतेक जण 'पुरतील' म्हणतात. तेव्हा "घरी किती शिल्लक आहेत?" असं विचारलं की खरं बाहेर येतं.

यात पैशाची एक अडचण येते. महिन्याच्या सुरुवातीला एका महिन्याचंच बजेट असतं. पेन्शनवर चालणाऱ्या घराला एकदम दोन वेळचं औषध घेणं जड जातं. तुमच्याकडे उधारीची वही असेलच. जास्तीची स्ट्रिप वहीत लिहा, २१ नंतर द्या म्हणावं. कोपऱ्यावरचं दुसरं मेडिकल काकूंना ओळखत नाही, ते उधार देणार नाही. गेल्या वर्षी चार दिवस गोळ्या बंद राहिल्या त्यामागे हेही कारण असू शकतं, आणि मुलाला ते माहीतही नसेल.

नोटीस कधी लावायची? ३१ ऑगस्टच्या आत. पगार-पेन्शन झाली की १ ते ७ तारखेच्या दरम्यान महिन्याचं औषध नेणारे सगळे येऊन जातात. ८ तारखेला कागद लावलात तर ते तुम्हाला दिसणारच नाहीत. आणखी एक गोष्ट डोंबिवलीत विसरून चालत नाही: तुमच्या गिऱ्हाइकांतलेच किती तरी जण स्वतः कोकणात जाणार आहेत. त्यांना तुमचं दुकान बंद असल्याचं सोयरसुतक नाही, पण गावी न्यायला औषध हवंच असतं आणि ते निघतात शुक्रवारी ११ ला रात्री. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता पंधरा जण बॅगा भरता भरता येतात आणि त्यातल्या चौघांचं औषध मागवावं लागतं. म्हणून नोटिशीत त्यांच्यासाठीही एक ओळ घाला.

आणि नोटीस लावायच्या आधी तुमची स्वतःची ऑर्डर द्या. 'जास्त घेऊन ठेवा' असं लिहायचं आणि ५ तारखेला बीपीची गोळी संपलेली, असं मी एकदा करून बसलो आहे. लोकांनी हसून सोडून दिलं, पण कागदावरचा विश्वास गेला तो गेला.

आता नंबर. 'इमर्जन्सीसाठी संपर्क' हे शब्द काढून टाका. ज्याच्या घरी खरी इमर्जन्सी आहे, त्याने कुडाळला फोन लावून उपयोग नाही. छातीत दुखतंय, दम लागलाय, फिट आलीय, तर १०८. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात फुकट येते, आणि तो आकडा तुमच्या कागदावर ठळक असावा. मेडिकल बंद आहे म्हणून कोणी दवाखान्यात जायचं थांबू नये.

त्याखालची गरज म्हणजे 'औषध संपलं, आजच हवं'. यासाठी तुमचा नंबर नव्हे, उघडं असलेलं दुकान हवं. ओळखीच्या एका मेडिकलवाल्याकडे स्वतः जा, चहा घ्या आणि चार गोष्टी विचारा. त्या नऊ दिवसांत तुम्ही रोज उघडे आहात का? दुपारी किती ते किती बंद? चतुर्थीच्या दिवशी काय? आणि माझ्या गिऱ्हाइकांची नेहमीची औषधं ठेवाल का? शेवटच्या प्रश्नासाठी वीस-पंचवीस औषधांची यादी हातात ठेवा. दिवाळीला ते गावी गेले की तुम्ही त्यांच्यासाठी हेच कराल, असं बोलून ठेवा. त्यांना न विचारता नोटिशीत त्यांचं नाव टाकू नका. मी ते बघितलंय. गिऱ्हाईक त्या दुकानात गेलं आणि मालक म्हणाला, 'मला काही माहीत नाही.' दोन्ही दुकानांची लाज गेली. एखाद्या हॉस्पिटलला जोडलेलं, रात्रभर उघडं असणारं मेडिकल जवळ असेल तर रात्रीसाठी त्याचाही पत्ता द्या.

गिऱ्हाईक तुटेल ही भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणार. तुटेल एखादं. पण काकूंचा मुलगा का भांडायला आला? औषध दुसरीकडे मिळालं म्हणून नव्हे, कुठे मिळेल ते कोणी सांगितलं नाही म्हणून.

तुमचा स्वतःचा नंबर द्या, पण त्याचं काम मर्यादित ठेवा. गावातून तुम्ही करू शकता एवढंच: चिठ्ठीचा किंवा स्ट्रिपचा फोटो बघून औषधात कोणता घटक आहे, किती मिलिग्रॅम, दुसऱ्या कंपनीचं तेच औषध कोणतं, हे सांगणं. डोस कमी-जास्त करणं तुमच्या हातात नाही, तिथे डॉक्टर. म्हणून नंबरासमोर वेळ लिहा. कोणत्या कंपनीचं सिम तुमच्या गावात चालतं आणि कुठे उभं राहिल्यावर चालतं, हे तुम्हाला माहीत आहे. देवळाजवळ किंवा सड्यावर रेंज येत असेल तर रोज संध्याकाळी ७ ते ८ तिथे फिरायला जा आणि तेवढीच वेळ नोटिशीत लिहा. आरती त्याच वेळी असेल तर दुपारची वेळ धरा. पाळता येईल अशी एकच वेळ लिहा. 'केव्हाही फोन करा' लिहून सत्तावीस मिस्ड कॉल घेण्यापेक्षा ते बरं.

यातला खरा घोळ मात्र कागदाच्या बाहेर होतो. आपली जुनी गिऱ्हाइकं चिठ्ठी आणत नाहीत. कापलेली स्ट्रिप पुढे करतात, किंवा नुसतं 'माझी नेहमीची' म्हणतात, आणि आपल्याला कळतं. दुसऱ्या मेडिकलवाल्याला कसं कळणार? त्यात आपणच कात्रीने स्ट्रिप कापून दिलेली असते, नाव कापलेल्या बाजूला गेलं, उरली नुसती चंदेरी पट्टी. समजा टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ एकत्र असलेली गोळी आहे, आणि तुकड्यावर फक्त '...सार्टन ४०' दिसतंय. समोरचा साधी टेल्मिसार्टन देईल, गोळी जवळपास तशीच दिसेल, आणि अर्धं औषध बंद पडेल. कुणाच्या लक्षातही येणार नाही, बीपी मोजेपर्यंत. म्हणून १ ते ११ तारखेच्या दरम्यान रोजच्या औषधांची स्ट्रिप कापून देऊ नका. एखाद्याने पाचच गोळ्या मागितल्या आणि कापावीच लागली, तर छोट्या पाकिटावर औषधाचं पूर्ण नाव, मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा ते लिहून द्या. झोपेच्या, फिटच्या, मानसिक आजाराच्या गोळ्या घेणाऱ्यांना वेगळं सांगा, की चिठ्ठीशिवाय दुसरीकडे त्या मिळणार नाहीत, मिळूही नयेत. चिठ्ठी जुनी झाली असेल तर ५ तारखेच्या आत नवी करून आणा म्हणावं, कारण तुमच्या गल्लीतले डॉक्टरही बहुधा मालवणचेच असतील.

इन्सुलिनवाल्यांची यादी तर वहीत काढूनच ठेवा आणि त्यांना फोन करा. नोटिशीवर सोडू नका. दहा-बाराच लोक असतील.

एवढं झाल्यावर कागद सोपा होतो. मी असा लिहीन:

"॥ श्री गणेशाय नमः ॥
दुकान पुन्हा उघडेल: सोमवार, २१ सप्टेंबर २०२६, संध्याकाळी ५ वाजता.
बंद: शनिवार १२ सप्टेंबर ते रविवार २० सप्टेंबर (दोन्ही दिवस धरून).
शुक्रवार ११ सप्टेंबरला रात्री ९.३० पर्यंत दुकान चालू आहे.
रोजची औषधं २३ सप्टेंबरपर्यंत पुरतील एवढी घेऊन ठेवा. गावी जाणाऱ्यांनी ८ तारखेपर्यंत सांगावं, मागवून ठेवू.
या काळात औषध लागल्यास: (त्या मेडिकलचं नाव, खूण, वेळ, फोन). डॉक्टरांची चिठ्ठी किंवा पूर्ण स्ट्रिप सोबत न्या.
औषधाबद्दल विचारायचं असल्यास: (तुमचा नंबर), रोज संध्याकाळी ७ ते ८. इतर वेळी चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.
तब्येत अचानक बिघडल्यास १०८."

उघडण्याचा दिवस सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे, ते मुद्दाम. बंद शटर दिसतंच, ते वाचावं लागत नाही. 'दोन्ही दिवस धरून' हेही मुद्दाम. '२० पर्यंत बंद' म्हटलं की अर्धे लोक २० ला येतात. वार आणि तारीख दोन्ही हवीत, कारण म्हातारी माणसं वारावर चालतात आणि नोकरदार तारखेवर. 'नऊ दिवस बंद' असं लिहूच नका, कोणत्या दिवसापासून नऊ ते वाचणाऱ्याने मोजत बसायचं का? मोबाईल नंबर इंग्रजी आकड्यांत लिहा. लांबून मराठी १ आणि ९ सारखेच दिसतात. खाली हिंदीत दोन ओळी टाकल्यात तर तुमच्या गुजराती आणि दक्षिणेकडच्या गिऱ्हाइकांचीही सोय होईल.

एक गोष्ट मात्र शटरवरच्या कागदावर नको: 'सहकुटुंब गावी जात आहोत.' दुकान बंद एवढं पुरे. घरही रिकामं आहे हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला कशाला सांगायचं?

कागदाच्या दोन प्रती करा. एक ३१ ऑगस्टपासून गल्ल्यासमोर, पैसे देताना डोळ्यांसमोर येईल अशी. दुसरी ११ च्या रात्री शटरवर, म्हाताऱ्या माणसाला मान वर न करता वाचता येईल एवढ्या उंचीवर. सप्टेंबरचा पाऊस लक्षात घ्या. साध्या प्रिंटची शाई ओघळते आणि ओल्या पत्र्यावर चिकटपट्टी दोन दिवसही टिकत नाही. लॅमिनेट करून कुलपाच्या कडीला सुतळीने बांधा. शेजारच्या किराणावाल्याकडे एक कोरा कागद आणि मार्कर ठेवून जा. रविवारी अडकलात तर त्यांना फोन करून नवी वेळ लिहून लावायला सांगता येईल.

व्हॉट्सअ‍ॅपवरही हाच मजकूर पाठवा, पण गणपतीच्या चित्रावर अक्षरं टाकून नको. तशी चित्रं त्या आठवड्यात प्रत्येकाला शंभर येतात, कोणी उघडत नाही. साधा मजकूर, पहिल्याच ओळीत '२३ सप्टेंबरपर्यंतचं औषध घेऊन ठेवा'. एकदा ३१ ऑगस्टला, एकदा ८ ला. ब्रॉडकास्ट करणार असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो पोचतच नाही. जुन्या गिऱ्हाइकांना एकेकटा पाठवा, काकूंच्या मुलाला सगळ्यात आधी. गूगल मॅपवर दुकान असेल तर तिथेही या नऊ दिवसांसाठी 'बंद' टाका, नाहीतर तिथे रोज 'उघडं आहे' असं दिसत राहतं.

राहिला फ्रिज. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, आणि नऊ दिवसांत वीज किती वेळ गेली ते तुम्हाला परतल्यावर कळणार नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे ११ पर्यंत तो माल जवळपास संपवायचा आणि उरलेला बर्फाच्या डब्यातून नेऊन त्या ओळखीच्या मेडिकलवाल्याच्या फ्रिजमध्ये ठेवायचा. बर्फाला चिकटून मात्र नको, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. तेवढं जमलं नाही, तरच भाच्याला चावी द्या: रोज एकदा थर्मामीटर बघायचा, आकडा वहीत लिहायचा, शटर खाली. त्या वेळात कोणी 'एक क्रोसिन दे ना' म्हणत आलं तर नाही म्हणायचं, हे त्याला आधीच बजावून ठेवा.

आणि सोमवारी संध्याकाळी पाचला शटर वर करायच्या आधी कडीचा कागद सोडवून घ्या. माझ्या दुकानावर एकदा गणपतीचा कागद नवरात्रापर्यंत लटकत राहिला होता, आणि रोज सकाळी कोणी ना कोणी विचारायचं, "पुन्हा गावी चाललात का?"